विषय: क्वालिटी इन्स्पेक्टर पदासाठी माझी ओळख (मोशी-चाकण परिसर, २३ जूनपासून उपलब्ध)

नमस्कार अश्विनी मॅडम,

काल दुपारी फोनवर बोललो त्याप्रमाणे सविस्तर लिहीत आहे. तुम्ही म्हणालात, "बायोडाटा तर पाठवाच, पण नेमकं काय काम हवंय, कुठे हवंय आणि कधीपासून येऊ शकता हे तुमच्या शब्दांत लिहा, म्हणजे कंपनीशी बोलताना मला सोपं जातं." आजवर एजन्सीतून आलेल्या फोनवर एवढं कुणी विचारलं नव्हतं, म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते.

मी वैशाली, वय ३२, राहणार मोशी. माहेर मंचरजवळचं. अवसरीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून २०१४ साली मेकॅनिकल डिप्लोमा केला. एक वर्ष अप्रेंटिस म्हणून काढलं आणि ऑगस्ट २०१५ पासून मार्च २०२३ पर्यंत सलग क्वालिटीमध्ये काम केलं. पहिली तीन वर्षं भोसरी एमआयडीसीत प्रेस पार्ट्सवर होते. नंतरची साडेचार वर्षं चाकणला होते. तिथे ॲल्युमिनियम डायकास्टिंगचे पार्ट व्हीएमसीवर मशीन होऊन गाडीच्या गिअरबॉक्सला जात. इनकमिंग, इनप्रोसेस आणि पीडीआय हे तिन्ही मी केलं आहे, पण माझा हात बसलाय तो इनप्रोसेसवर. फर्स्ट पीस अप्रूव्हल, दर दोन तासांची पॅट्रोल तपासणी, शिफ्टच्या शेवटी रिजेक्शनचं विश्लेषण, हे सगळं मी स्वतंत्रपणे पाहत होते. व्हर्निअर, मायक्रोमीटर, हाइट गेज, बोअर गेज, एअर गेज ही रोजच्या वापरातली साधनं. कंट्रोल प्लॅन वाचून त्यावरून इन्स्पेक्शन शीट तयार करते. एमएसए आणि एसपीसीचा डेटा गोळा करून त्याचा हिशोबही मीच करत असे. पीपीएपीची फाइल टीमसोबत चार वेळा केली आहे. आयएटीएफ १६९४९ च्या ऑडिटमध्ये आमच्या लाइनचे प्रश्न मला विचारले जात आणि उत्तरं मीच देत असे.

बायोडाटात ज्याची एकच ओळ येते असं एक काम इथे जरा नीट सांगते, कारण मला कोणतं काम हवंय हे त्यावरून लवकर कळेल.

एका हाउसिंगमध्ये बेअरिंगसाठी ६२ मिलिमीटरचं बोअर होतं, टॉलरन्स एच ७, म्हणजे ६२.००० ते ६२.०३०. ग्राहकाकडून तक्रार आली की काही पार्टमध्ये बेअरिंग फार घट्ट बसतंय. आमच्या शीटवर मात्र सगळे आकडे बरोबर होते. ऑपरेटर प्रामाणिक होता, गेज कॅलिब्रेट केलेलं होतं, रिंग मास्टरवर झिरोही बरोबर येत होता. दोन दिवस सगळे टूल आणि प्रोग्रामच्या मागे लागले होते. तिसऱ्या दिवशी मी लाइनवर उभी राहून नुसतं बघत होते. वॉशिंग मशीनमधून बाहेर आलेला पार्ट ऑपरेटर लगेच टेबलावर घेऊन मोजत होता. मी तो हातात धरला तर कोमट लागला. रीडिंग होतं ६२.०१२. तोच पार्ट सरफेस प्लेटवर तासभर ठेवून पुन्हा मोजला, तर ६१.९९६. ॲल्युमिनियम दहा-अकरा अंशांनी जरी गरम असलं, तरी ६२ मिलिमीटरच्या बोअरमध्ये पंधरा मायक्रॉनच्या आसपास फरक पडतो, आणि आमचा पूर्ण टॉलरन्सच तीस मायक्रॉनचा. गरम पार्ट पास होत होता आणि थंड झाल्यावर लहान भरत होता. आम्ही वॉशिंगनंतर चाळीस मिनिटांचा कूलिंग रॅक लावला, बोअरचा ऑफसेट थोडा वर घेतला आणि वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये तसं लिहून घेतलं. त्यानंतर मी तिथे होते तोवर त्या बोअरची तक्रार आली नाही.

मॅडम, मला अशी जागा हवी आहे. पार्ट, ड्रॉइंग आणि गेज समोर असलेली. पहिली पसंती मशीन शॉपमध्ये इनप्रोसेस क्वालिटी इन्स्पेक्टर किंवा सिनिअर इन्स्पेक्टर. दुसरी पसंती स्टँडर्ड रूम, म्हणजे सीएमएम आणि कॅलिब्रेशन. सीएमएमबद्दल आधीच स्पष्ट करते: तयार प्रोग्राम चालवणं, अलाइनमेंट घेणं, रिपोर्ट वाचणं मला येतं. यंदा जानेवारीत चिंचवडला ४० तासांचा कोर्सही केला. पण नव्या पार्टचा पूर्ण प्रोग्राम मी अजून एकटीने लिहिलेला नाही. "सीएमएम प्रोग्रामर" अशी जागा असेल तर माझं नाव देऊ नका. "सीएमएम ऑपरेटर, शिकण्याची तयारी" अशी असेल तर नक्की द्या.

सप्लायर क्वालिटीची जागा असेल तर विचार करेन, मात्र महिन्यातून दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त बाहेरगावी जाणं सध्या जमणार नाही. केवळ डॉक्युमेंटेशन, स्टोअर किंवा डेटा एंट्रीच्या जागेसाठी कृपया माझा विचार करू नये. लेडीज कँडिडेट म्हटलं की बऱ्याच ठिकाणी आधी तेच सुचवलं जातं. त्या कामाला मी कमी लेखत नाही, पण साडेसात वर्षं शॉप फ्लोअरवर उभं राहून जे शिकले ते तिथे वापरात येणार नाही.

आता ठिकाणाबद्दल. मोशीहून कुरुळी, चिंबळी, निघोजे, भोसरी एमआयडीसी आणि तळवडे हे सगळ्यात सोयीचं. स्कूटर आहे, लायसन्स आहे, या भागात मी स्वतः येऊ-जाऊ शकते. चाकण फेज १ आणि २, महाळुंगे हेही चालेल, पण तिथे कंपनीची बस असावी. अंतर फार नाही, मात्र संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळी तळेगाव चौकात कंटेनरच्या रांगेत स्कूटर चालवणं किती कठीण असतं ते मी साडेचार वर्षं पाहिलंय. तळेगावची जागा काम खरोखर चांगलं असेल आणि बस मोशीवरून जात असेल तरच कळवा. रांजणगाव नको.

रांजणगावचं नाव मुद्दाम घेतलं. गेल्या डिसेंबरात एका एजन्सीने "चाकणच्या पुढे थोडंसंच" असं सांगून मला मुलाखतीला पाठवलं, आणि पत्ता निघाला रांजणगावचा. पूर्ण दिवस गेला. त्याच एजन्सीने मला न विचारता माझा बायोडाटा आणखी एका कंपनीत पाठवला, जिथे मी स्वतः आधीच अर्ज केला होता. एकच नाव दोन वाटांनी आल्यावर एचआरने दोन्ही अर्ज बाजूला ठेवले. ती जागा मला मनापासून हवी होती, निघोज्याची होती. म्हणून विनंती आहे की माझा बायोडाटा कुठेही पाठवण्याआधी कंपनीचं नाव आणि ठिकाण मला व्हॉट्सॲपवर कळवा. मी त्याच दिवशी हो किंवा नाही सांगेन. सध्या मी थेट दोन ठिकाणी अर्ज केले आहेत. त्या कंपन्यांची नावं तुम्हाला फोनवर सांगते, म्हणजे तुमच्याकडून पुन्हा जाणार नाहीत.

शिफ्टबाबत: जनरल शिफ्टला प्राधान्य, फर्स्ट शिफ्टही चालेल. सेकंड शिफ्ट आलटून पालटून असेल आणि रात्री घरापर्यंत सोडणारी गाडी असेल तर महिन्यातला एक आठवडा करू शकते. थर्ड शिफ्ट सध्या शक्य नाही. रविवारी ऑडिट किंवा डिस्पॅचसाठी बोलावलं तर येते, आदल्या दिवशी कळलं तर बरं.

मार्च २०२३ नंतरच्या दोन वर्षांबद्दल कंपनी विचारणारच, म्हणून इथेच लिहिते. सासूबाई घरात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हा माझा मुलगा चार वर्षांचा होता. दोघांना घरात माणूस लागत होतं, म्हणून मी राजीनामा दिला. नोटीस पीरियड पूर्ण केला, रिलीव्हिंग लेटर आहे, त्या कंपनीतल्या माझ्या साहेबांचा रेफरन्सही मिळेल. आता सासूबाई वॉकरशिवाय चालतात, मुलगा १६ जूनपासून पहिलीत जाईल, आणि दुपारी त्याला घ्यायला सासरे जाणार आहेत. सगळ्यांनी मिळून हे ठरवलंय. पहिला आठवडा शाळेची व्हॅन आणि वेळा बसवण्यात जाईल, म्हणून सोमवार, २३ जूनपासून मी रुजू होऊ शकते. कुठलाही नोटीस पीरियड नाही.

मुलाखतीसाठी सध्या कोणत्याही दिवशी सकाळी दहा ते एक येऊ शकते, एक दिवस आधी सांगितलं तरी पुरे. फक्त १८ ते २० जून टाळता आलं तर पाहा. देहू-आळंदीच्या पालख्यांमुळे आमच्याकडचे रस्ते त्या दिवसांत बंद असतात. ड्रॉइंग वाचायला देणं, गेज हातात देऊन पार्ट मोजायला लावणं, अशी परीक्षा घेणार असतील तर मला ती आवडेलच.

पगार: शेवटचा सीटीसी वर्षाला ३ लाख ६० हजार होता, हातात २६ हजार येत. आता अपेक्षा ४ लाख २० हजारांची आहे. जागा कंपनीच्या रोलवर असेल आणि सीएमएमवर काम शिकायला मिळणार असेल, तर जुन्या पगारावरही सुरुवात करेन, सहा महिन्यांनी आढावा घेऊ असं ऑफर लेटरमध्ये लिहून द्यावं. तुमच्या एजन्सीच्या रोलवर असेल तर मुदत किती, पीएफ कोण भरणार आणि पुढे कंपनी रोलवर घेतात का, हे आधी समजलं तर निर्णय लवकर देता येईल. माझा यूएएन चालू आहे, दोन्ही जुन्या कंपन्यांचा पीएफ एकत्र केलेला आहे.

सोबत बायोडाटा, डिप्लोमाची गुणपत्रिका, दोन अनुभव प्रमाणपत्रं, रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या तीन पगारपावत्या जोडल्या आहेत. आधार आणि पॅन ऑफर हातात आल्यावर देईन. फोन काल ज्या नंबरवर केलात तोच. दुपारी दोन ते चार मुलगा झोपलेला असतो, तेव्हा मेसेज केलात तर मी लगेच उलट फोन करते.

निघोजे किंवा कुरुळीत मशीन शॉपची जागा या आठवड्यात असेल तर आधी ती कळवा.

आपली,
वैशाली
मोशी, पुणे