विषय: माझ्या डेस्कवर दुसरा मॉनिटर मिळावा, रिकन्सिलिएशनच्या कामासाठी

नमस्कार मॅडम,

माझ्या डेस्कवर आणखी एक मॉनिटर लावून मिळेल का, हे विचारायला मेल करतेय. नवीनच पाहिजे असं काही नाही, स्टोअरमध्ये पडून असलेला चालेल, त्याबद्दल खाली लिहिलंय. मेल जरा लांबलाय, पण तुम्हाला हे पुढे अप्रूव्हलला पाठवावं लागेल आणि तिथे "एक स्क्रीन आहे ना, मग दुसरी कशाला" हा प्रश्न येणारच, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

आपली तीन बँक खाती आहेत आणि तिन्ही मिळून महिन्याला साधारण नऊशे एंट्र्या होतात. त्यातल्या सहाशेच्या आसपास सॉफ्टवेअर स्वतःच जुळवून टाकतं, म्हणजे जिथे रक्कम तीच, रेफरन्स नंबर तोच आणि तारीख जवळपासची असते तिथे माझं कामच नसतं. पण जे तीनशे उरतात ते उरतातच मुळी यासाठी की त्यात काहीतरी जुळत नाहीये, आणि ते डोळ्यांनी बघूनच सोडवावं लागतं. कुठे चेक आपण दिलाय पण समोरच्याने अजून बँकेत भरलेला नाही, कुठे बँकेने चार्जेस परस्पर कापलेत, कुठे एखाद्या कस्टमरने पैसे टाकलेत पण नरेशनमध्ये नाव ना बिल नंबर, नुसते आकडे. हे सगळं म्हणजे एका बाजूला स्टेटमेंट आणि दुसऱ्या बाजूला लेजर ठेवून एकेक ओळ बघत जायचं काम आहे, आणि माझ्याकडे सध्या ती दुसरी बाजूच नाहीये.

गेल्या महिन्यातलंच एक सांगते म्हणजे नीट कळेल. बँकेत एकदम ९१,२४० जमा झाले. लेजरमध्ये या रकमेचं एकही बिल नाही. कस्टमरचा मेल शोधून काढला तर कळलं की ते चार बिलांचे मिळून आहेत, ३१,५००, २७,८४०, १८,९०० आणि १४,२००, यांची बेरीज होते ९२,४४०. म्हणजे १,२०० कमी आले. त्यातले १,१५० आपणच दिलेल्या क्रेडिट नोटचे निघाले आणि ५० बँक चार्जेसचे. आता ही एक ओळ सोडवायला स्टेटमेंटची पीडीएफ, कस्टमरचं लेजर, त्यांचा मेल आणि क्रेडिट नोट अशा चार गोष्टी उघड्या लागतात, आणि एका स्क्रीनवर एका वेळी त्यातली एकच दिसते. म्हणजे स्टेटमेंटवर रक्कम वाचायची, डोक्यात धरायची, Alt+Tab करायचं, मधे भलतीच विंडो आली की परत Alt+Tab, लेजरमध्ये ती ओळ शोधायची, तोपर्यंत शेवटचे दोन आकडे नक्की काय होते याची खात्री राहत नाही म्हणून परत मागे जायचं आणि तिथे गेल्यावर आपण कुठल्या ओळीवर होतो ते पुन्हा शोधायचं. हिशोब खरं तर दोन मिनिटांचा असतो, वेळ जातो तो या ये-जा मध्ये. आणि अशी एक नाही, तीनशे ओळी आहेत मॅडम.

वेळेपेक्षाही मला जास्त काळजी चुकीची वाटते. स्टेटमेंटवर ४८,५७० असेल आणि लेजरमध्ये ४५,८७० पडलं असेल तर दोन्ही आकडे शेजारी शेजारी असले की डोळ्याला लगेच खटकतं, पण एक बघून झाल्यावर दुसरा बघितला की दोन्ही सारखेच वाटतात कारण अंक तेच आहेत, फक्त जागा बदललीये. शेवटी फरक येतो २,७०० चा. अकाउंट्समध्ये सगळ्यांना माहीत असतं की फरकाला ९ ने भाग गेला की आधी अंक उलटसुलट झालेत का ते बघायचं, पण त्याने फक्त कशा प्रकारची चूक असेल ते कळतं, ती कुठे आहे ते कळत नाही, आणि मग ती एक ओळ शोधायला अख्खा महिना परत वरून खाली बघावा लागतो. त्यात दोन वेगवेगळे फरक एकत्र आले तर तो नियमही उपयोगाचा राहत नाही. शेजारी ठेवून बघता आलं तर अशी चूक जिथल्या तिथे सापडते.

आता तुम्ही म्हणाल की स्क्रीनचे दोन भाग करून बघ. ते मी करतेच, पण माझा मॉनिटर जुना आणि छोटा आहे, अर्ध्या रुंदीत लेजर ठेवलं की तारीख आणि नरेशन दिसतं आणि रकमेचे कॉलम उजवीकडे बाहेर जातात, मग प्रत्येक ओळीला आडवं स्क्रोल करायचं. झूम कमी केला तर सगळं मावतं पण अक्षरं इतकी बारीक होतात की ३ आणि ८ मध्ये गडबड व्हायला लागते, आणि या कामात ती होऊनच चालत नाही. प्रिंट काढून पेन्सिलने टिक करायची पद्धत पण आहेच, सध्या महिनाअखेरीला तेच करते, पण तिन्ही खात्यांची स्टेटमेंटं म्हणजे कागदांचा मोठा गठ्ठा होतो, त्यावर पार्ट्यांची नावं आणि रकमा असतात म्हणून तो इकडेतिकडे ठेवता येत नाही, नंतर श्रेडरला घालावा लागतो, आणि कागदावर सर्च करता येत नाही ही तर सगळ्यात मोठी अडचण. स्क्रीनवर एखादी रक्कम Ctrl+F ने क्षणात सापडते, कागदावर बोट फिरवत बसावं लागतं.

एकच मोठा मॉनिटर घेऊन भागेल का, याचाही विचार केला. भागेल, पण मग आत्ताचा काढून ठेवावा लागेल आणि खर्चही जास्त होईल. शिवाय दोन वेगळ्या स्क्रीन असल्या की प्रत्येकीवर विंडो पूर्ण मोठी करता येते, डावीकडे कायम स्टेटमेंट आणि उजवीकडे कायम लेजर असं ठरवून टाकलं की हात आणि नजर आपोआप तिथे जातात. बँकेचंच नाही, सप्लायर स्टेटमेंट टॅली करतानाही हाच प्रकार असतो, उलट तिथे जास्त, कारण प्रत्येक सप्लायरचा फॉरमॅट वेगळा आणि बरेचसे स्कॅन करून पाठवतात, ते सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्टच होत नाहीत, बघून बघूनच जुळवावे लागतात.

तांत्रिक बाजूने फारसं काही लागणार नाही असं दिसतंय. माझ्या सीपीयूच्या मागे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट दोन्ही आहेत, सध्याचा मॉनिटर एचडीएमआयवर आहे आणि दुसरा पोर्ट रिकामाच आहे. दोन्ही एकाच वेळी चालतात का ते आयटीवाल्यांनी एकदा बघून सांगितलं तर बरं. चालत असतील तर फक्त मॉनिटर, त्याला बसेल अशी केबल आणि पॉवरसाठी एक प्लग पॉइंट एवढंच लागेल. लावल्यावर Win+P दाबून Extend निवडायचं, ते माझं मी करेन. टेबलावर जागा आहे, फाइल्सचा ट्रे खाली ड्रॉवरमध्ये ठेवते. एक मात्र बघावं लागेल, दोन्ही स्क्रीनची उंची जवळपास सारखी पाहिजे, नाहीतर दिवसभर मान वरखाली करून दुखायला लागेल, त्यामुळे स्टँडची उंची कमीजास्त होणारा मिळाला तर उत्तम, नाहीतर खाली काहीतरी देऊन लेव्हल करता येईल. आणि माझी एक बाजू पॅसेजकडे उघडी आहे, तिकडून येणाऱ्या-जाणाऱ्याला बँक बॅलन्स किंवा पगाराचं शीट दिसायला नको, म्हणून दुसरा मॉनिटर भिंतीच्या बाजूला लावायचा असं मी ठरवलंय.

स्टोअरमध्ये मागच्या वेळी डेस्क हलवले तेव्हा काढलेले दोन मॉनिटर ठेवलेत असं ॲडमिनमधून कळलं. त्यातला एखादा चालू असेल आणि माझ्या आत्ताच्या स्क्रीनपेक्षा छोटा नसेल तर मला तोच चालेल, खरेदीचा प्रश्नच येणार नाही. तो चालू नसला तरच नवीन, आणि तेव्हाही फुल एचडी, बावीस-चोवीस इंचाचा साधा मॉनिटर पुरे, स्पीकर वगैरे काही नको.

एकाला दिला की सगळेच मागतील ही तुमची अडचण पण मला समजते. मला वाटतं ज्यांना दिवसभर दोन कागद शेजारी ठेवून जुळवायचं काम आहे त्यांनाच द्यावा, बाकीच्यांना गरज पडणार नाही, आणि आमच्याकडेही आधी फक्त एका डेस्कवर लावून बघूया. किती वेळ वाचेल हे मी आत्ता छातीठोकपणे सांगत नाही, कारण मोजलेलं नाही. म्हणून असं सुचवते की या महिन्याचं क्लोजिंग आत्ताच्याच सेटअपवर करताना प्रत्येक खात्याला किती वेळ लागला ते मी शीटमध्ये लिहून ठेवते, पुढच्या महिन्याचं दोन स्क्रीनवर करून तेच लिहिते, आणि दोन्ही तुम्हाला पाठवते. फरक पडला नाही असं दिसलं तर मॉनिटर परत स्टोअरला देईन, अगदी मनापासून सांगतेय. पडला तर आपल्याला चौथ्या वर्किंग डेला जे रिपोर्ट द्यावे लागतात त्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांची जी धावपळ होते ती कमी होईल, आणि न जुळलेल्या एंट्र्या "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून ढकलाव्या लागणार नाहीत. मला सगळ्यात जास्त हेच पाहिजे, कारण जुन्या राहिलेल्या एंट्र्या जितक्या जुन्या होतात तितकं त्यांचं मूळ शोधणं अवघड होतं, समोरच्या पार्टीकडे विचारायला गेलं तर त्यांनाही आठवत नाही, आणि ऑडिटला नेमकं त्यावरच बोट ठेवलं जातं.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात, एक म्हणजे स्टोअरमधला मॉनिटर तपासायला आयटीला सांगणं, आणि दुसरं म्हणजे तो नाही चालला तर खरेदीची रिक्वेस्ट कुणाच्या नावाने टाकायची ते कळवणं, फॉर्म मी भरून देते. आमच्या सिनिअरना मी याबद्दल सांगितलंय, त्यांची हरकत नाहीये, या मेलच्या कॉपीत त्यांना ठेवलंय. गुरुवारी दुपारी तीननंतर मी जरा मोकळी आहे, आयटीवाले तेव्हा आले तर माझं काम न अडता बघून होईल. महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत मात्र शक्यतो नको, तेव्हा मशीन बंद ठेवता येणार नाही.

धन्यवाद मॅडम,
मीनल
अकाउंट्स