डाळ मिलच्या शुभारंभानिमित्त गजाननला पत्र

आर्वी

प्रिय मित्र गजानन यास,
सप्रेम नमस्कार.

वसंत पंचमीला तुझ्या डाळ मिलचा शुभारंभ असल्याची पत्रिका मिळाली आणि मन भरून आले. तुझे, वहिनींचे आणि काकूंचे मनःपूर्वक अभिनंदन. नुसत्या ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहून मला थांबवत नाही, कारण हा धंदा तुझ्या हातून उभा राहणारच, असे मला का वाटते हे तुला सविस्तर सांगावेसे वाटते.

आपल्या दारव्हा तालुक्यात कपाशीच्या आणि सोयाबीनच्या वावरात तुरीच्या ओळी नाहीत असा कास्तकार शोधून सापडायचा नाही. तरीही घरची तूर अडत्याच्या काट्यावर घालून तोच माणूस किराणा दुकानातून डाळीचा पुडा विकत आणतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पूर्वी घरोघरी जात्यावर डाळ भरडली जात असे, पण ते कष्ट आता कोणाच्याने होत नाहीत आणि शहरातली मोठी मिल दोन-चार कट्ट्यांसाठी दार उघडत नाही. ही अडचण ओळखून तू अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल निवडलीस, आणि मोठ्या यंत्राच्या मोहात पडला नाहीस, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

दुसरे कारण तुझे हात आहेत. गेली कित्येक वर्षे तू पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या मोटारी बांधून देत आहेस, आणि बेअरिंग गेले की वाइंडिंग जळाले हे मोटार उघडण्याआधी नुसत्या आवाजावरून सांगतोस. तुरीचे टरफल डिंकासारख्या थराने दाण्याला घट्ट चिकटलेले असते. म्हणून दाणा रोलरवर आधी हलका खरवडावा लागतो, त्याला तेल चोळून मुरू द्यावे लागते, उन्हात नीट वाळवावे लागते आणि मगच टरफल सुटून डाळ पडते. रोलर जास्त घासला तर चुनी वाढते, कमी घासला तर डाळीवर टरफल राहते. एक क्विंटल चांगल्या तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते. ती त्याहून खाली जाऊ न देणे हे यंत्राचा आवाज आणि दाण्याचा स्पर्श समजणाऱ्या माणसाचे काम आहे, आणि तो माणूस तू आहेस.

तिसरी गोष्ट मी सर्वांत मोठी मानतो. मिलवर येणाऱ्या कास्तकाराला आपल्याच तुरीची डाळ परत मिळेल का आणि वजन बरोबर होईल का, याचीच धास्ती असते. तू मोटारीत जुनी तार घालून नवीचे पैसे घेतले, असे आजवर कोणी म्हटलेले नाही; हा विश्वास तुझ्याबरोबर मिलमध्ये येतो आहे. प्रत्येक कट्ट्यावर नावाची चिठ्ठी बांधायची, तूर घेताना आणि डाळ देताना मालकासमोर काटा करायचा, आणि चुनी न मागता परत द्यायची, हे तू ठरवल्याचे वहिनींनी फोनवर सांगितले तेव्हा मला फार समाधान वाटले. ढोरांसाठी ती चुनी किती मोलाची असते, हे घरी गाय बांधणाऱ्यालाच कळते.

स्नेहाच्या हक्काने एवढेच सुचवतो की पहिल्या हंगामात मजुरीवरच डाळ करून दे आणि स्वतः तूर विकत घेऊन साठवण्याची घाई करू नकोस, कारण भाव पडला तर बँकेचा हप्ता अंगावर येतो. माघ-फाल्गुनात अवकाळी पावसाचा भरवसा नसतो, तेव्हा वाळवणीच्या ओट्याजवळ ताडपत्र्या तयार ठेव. तूर संपल्यावर हरभरा येईल आणि पोळ्याच्या सुमारास मूग-उडीद. त्यामुळे मिल बंद राहील ही काकूंची काळजी वर्षभरात आपोआप दूर होईल. वहिनींनी बचत गटातर्फे अर्ध्या-एक किलोचे पुडे यवतमाळच्या बाजारात नेण्याचा जो विचार केला आहे तोही मला मनापासून पटला. गावची, पॉलिश न केलेली डाळ मागणारी माणसे तिथे नक्की भेटतील.

सुरुवातीचे काही दिवस भारनियमनाने आणि गिऱ्हाइकांच्या शंकांनी त्रास होईल, पण तू खचणारा नाहीस. हिशेबाच्या वह्या किंवा बँकेचे कागद यांत काहीही अडले तर मला निःसंकोच कळव, मी रविवारी येऊन बसेन.

आम्ही सर्वजण आदल्या दिवशी संध्याकाळीच पोहोचत आहोत. घरच्या तुरीचे दोन कट्टे सोबत आणतो. त्यांवर माझ्या नावाची चिठ्ठी लाव आणि मजुरी इतरांकडून घेशील तेवढीच घे.

काकूंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित,
सुधाकर