बीएलएस ट्रेनिंग, शनिवार दुपार: नवीन स्टाफसाठी सेशनचा प्लॅन

जागा: चौथ्या मजल्यावरचा हॉल. वेळ: दुपारी २:३० ते ५. मॉर्निंग ड्युटी संपवून, जेवून, मगच वर या. उपाशी पोटी दोन मिनिटं कॉम्प्रेशन दिलं की डोळ्यापुढं काजवे चमकतात.

माणसं १६: नवीन सिस्टर-ब्रदर १०, मामा ४, मावशी २. मामा-मावशींना कशाला असं मला दोघातिघांनी विचारलं. अहो, रात्री तीन वाजता पेशंट बाथरूममध्ये पडला तर तिथं पहिलं पोचतं कोण? मावशीच ना, मग त्यांना आधी शिकवायचं.

शिकवणारे चौघं: मी, आयसीयूचे सिनियर ब्रदर, आरएमओ मॅडम आणि ओटी टेक्निशियन. सामान: मोठे मॅनिकिन तीन (दोन आपले, एक नर्सिंग कॉलेजकडून दोन दिवसांसाठी मागून आणलाय, जपून वापरा), एक बाळ-मॅनिकिन, एईडी ट्रेनर, अँब्यू बॅग दोन, मास्क तीन साइझचे, वॉर्डातला एक खरा बेड गादीसकट, पायाखालचा स्टूल, लाकडी फळी, स्पिरिट-कापूस.

२:३० ते २:५०, सुरुवात

स्लाइड नाहीत. मागच्या वेळी ४० स्लाइड दाखवल्या आणि महिन्याभरात वॉर्डात एक पेशंट कोलॅप्स झाला तेव्हा काय झालं ते मी स्वतः बघितलंय. पाच जणी बेडभोवती, एक बीपी ॲपरेटस शोधतीय, एक ग्लुकोमीटर आणायला पळाली, एक नातेवाइकांना बाहेर काढतीय, एक डॉक्टरांना फोन लावतीय, आणि छातीवर हात कुणाचाच नाही, मी दारातून आत येईपर्यंत नाही. पेशंट वाचला, पण ती मिनिटं आमच्या हिशोबात उधार राहिली. नावं घेणार नाही, त्या पाचांत मी शिकवलेल्या दोन होत्या म्हणजे चूक माझीपण हाय. म्हणून या वेळी सगळं हातानं.

तर पहिली दहा मिनिटं हा प्रसंग सांगायचा, पुढच्या दहात आरएमओ मॅडम आणि ब्रदर मिळून एक आख्खा राउंड न बोलता करून दाखवतील. सगळ्यांनी नुसतं बघायचं, मोबाइल खिशात.

२:५० ते ४:१०, चार स्टेशन

चार-चार जणांचे गट, प्रत्येक स्टेशनला २० मिनिटं, शिट्टी वाजली की पुढं. गटात एक तरी मामा किंवा मावशी असलीच पाहिजे, सगळ्या मैत्रिणी एका गटात असं चालणार नाही.

स्टेशन १, ओळखणं आणि हाक मारणं (मी). बेडवर आपल्यातलाच एक जण झोपेल. जिवंत माणसावर कॉम्प्रेशन अजिबात द्यायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा. खांद्यावर थापटून मोठ्यानं हाक मारा, प्रतिसाद नाही तर तिथूनच ओरडा, पेशंट सोडून पळायचं नाही. मग श्वास आणि मानेची नाडी एकाच वेळी, कमीत कमी ५ सेकंद, जास्तीत जास्त १०. दहा सेकंदात नाडी नक्की लागली नाही तर ती नाहीच असं धरून सुरू करा. मामा-मावशींनी नाडीच्या नादाला लागू नये: हलत नाही, नीट श्वास नाही, एवढं पुरे. इथं एक गोष्ट मी करून दाखवणार आहे, ती म्हणजे गॅस्पिंग. मासा पाण्याबाहेर काढल्यावर कसं तोंड उघडतो, तसं पेशंट मधूनच आचका देतो आणि नातेवाईक म्हणतात "श्वास चालू हाय की सिस्टर". तो श्वास धरायचा नाही. फोनचीपण प्रॅक्टिस: वॉर्ड, बेड नंबर, मोठा की लहान, एवढंच बोलायचं. आणि हॉस्पिटलबाहेर, रंकाळ्यावर फिरताना किंवा जोतिबाच्या पायऱ्यांवर कुणी पडलं तर १०८, फोन स्पीकरवर टाकून हात छातीवर.

स्टेशन २, कॉम्प्रेशन (आयसीयू ब्रदर). सगळ्यात जास्त घाम इथं. छातीच्या हाडाचा खालचा अर्धा भाग, तळहाताची टाच, मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ सेंटिमीटर तरी पण ६ च्या वर नाही, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मोबाइलवर मेट्रोनोम ११० ला लावलेला असेल. प्रत्येकानं सलग दोन मिनिटं, दोन वेळा. आपले एक मामा तालमीत जातात, ताकद भरपूर, पण मागच्या वेळी जोर काढल्यासारखं कोपर वाकवून दाबत होते आणि मिनिटभरात दम लागला. कोपर ताठ, खांदे हाताच्या बरोबर वर, वजन कमरेतून आलं पाहिजे, मग ४५ किलोच्या सिस्टरलापण जमतं. दुसरा राउंड मुद्दाम गादीच्या बेडवर: आधी फळीशिवाय, मग फळी घालून. फळीशिवाय गादीच खाली जाते आणि आपल्याला वाटतं छाती दबली, हा फरक हाताला कळला पाहिजे. एअर मॅट्रेस असेल तर आधी तिची हवा सोडा. बुटक्या मंडळींनी स्टूल घ्या, लाजू नका.

स्टेशन ३, अँब्यू (ओटी टेक्निशियन). ३० दाब, २ श्वास. एका हाताच्या अंगठ्यानं आणि पहिल्या बोटानं मास्क चेहऱ्याला घट्ट, उरलेल्या तीन बोटांनी जबडा वर. एकट्याला सील जमत नसेल तर एकानं दोन्ही हातांनी मास्क धरावा, दुसऱ्यानं बॅग दाबावी. एक श्वास एका सेकंदाचा, छाती उचललेली दिसली की थांबायचं. बॅग आख्खी पिळायची सवय मोडायचीय: जास्तीची हवा पोटात जाते, पेशंट उलटी करतो, मग सक्शन शोधा. ऑक्सिजन जोडलाय का, रिझर्व्हायर फुगलाय का, हे दर वेळी तोंडानं म्हणायचं. ट्यूब टाकलेली असेल तर दर ६ सेकंदाला एक श्वास, कॉम्प्रेशन थांबवायचं नाही. शेवटची पाच मिनिटं बाळ-मॅनिकिन: दोघं असाल तर १५ ला २, खोली साधारण ४ सेंटिमीटर, दोन्ही अंगठ्यांनी.

स्टेशन ४, एईडी (आरएमओ मॅडम). मशिन आधी ऑन, मग ती सांगेल तसं. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली, दुसरा डाव्या काखेखाली बाजूला. छाती ओली असेल तर पुसा, आपल्या पावसाळ्यात कॅज्युअल्टीत येणारा निम्मा पेशंट भिजलेलाच असतो. औषधाचा पॅच काढा, पेसमेकरचा उंचवटा सोडून पॅड लावा. "सगळे बाजूला" असं मोठ्यानं म्हणून नजर फिरवायची, ऑक्सिजन लांब, मगच बटण. शॉक दिला की मॉनिटरकडं बघत बसायचं नाही, नाडीपण नाही, लगेच कॉम्प्रेशन, दोन मिनिटं.

४:१० ते ४:३५, टीम ड्रिल

गटाला न सांगता प्रसंग देणार: जेवताना कोलॅप्स, बाथरूमच्या दारात अडकलेला पेशंट, आठव्या महिन्याची गरोदर बाई (पोट हातानं डावीकडं ढकलून धरायचं, कॉम्प्रेशन तसंच चालू). एक जण फक्त घड्याळ धरेल आणि हात छातीवरनं किती सेकंद सुटले ते लिहील. दहाच्या वर गेलं की परत पहिल्यापासनं. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, "मी दमलो नाही" हे कुणाचं ऐकायचं नाही.

४:३५ ते ५, एकेकाची टेस्ट

दोन मॅनिकिनवर, प्रत्येकी साधारण तीन मिनिटं: हाक, तपासणी, फोन, ३० ला २ चे दोन राउंड. पास-नापास नाही. ज्यांचं जमलं नाही त्यांना पुढच्या आठवड्यात ड्युटी संपल्यावर आयसीयूत दहा मिनिटं, ब्रदरांकडं. नाव वॉर्डाच्या बोर्डावर लागणार नाही, काळजी नको.

बारीकसारीक: सिस्टरनी ड्रेस किंवा पॅंट घालून या, गुडघ्यावर बसायचंय. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून. गुडघेदुखीवाल्यांनी आधी सांगा, तुमचा मॅनिकिन बेडवर ठेवतो. प्रत्येकाच्या हातानंतर मॅनिकिनचं तोंड स्पिरिटनं पुसायचं. इव्हिनिंग ड्युटीवाल्यांची बदली मी मेट्रनना बोलून लावलीय. चहा आणि भडंग ५ वाजता, त्याआधी नाही.