विषय: क्वालिटी मॅनेजरची जागा – माझा रेझ्युमे भरती टीमकडे पाठवाल का?

नमस्कार संगीता मॅडम,

मी अमोल, पिंपळगावच्या पॅकहाऊसचा क्वालिटीवाला. फेब्रुवारीत तुम्ही खरेदीदाराच्या वतीने लोडिंग तपासायला आला होतात, तेव्हा पॅलेटच्या आतल्या बॉक्सचं तापमान घ्यायचं की नाही यावरून आपलं बरंच बोलणं झालं होतं. त्यानंतर तुम्ही निर्यातदार कंपनीत रुजू झालात हे कळलं. मनापासून अभिनंदन.

तुमच्या कंपनीने दिंडोरी युनिटसाठी क्वालिटी अॅश्युरन्स मॅनेजरची जागा काढली आहे. सोबत जोडलेला माझा रेझ्युमे तुम्ही भरती टीमकडे पाठवाल का, एवढंच विचारायचं होतं. पोर्टलवर अर्ज केलाच आहे. पण आतल्या माणसाकडून आलेला रेझ्युमे निदान उघडून तरी पाहिला जातो.

मी या जागेला का योग्य, ते एका वाक्यात सांगतो: युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची क्वालिटी प्लॉटच्या नोंदणीपासून रीफर कंटेनरला सील लागेपर्यंत सांभाळणारा माणूस तुमच्या कंपनीला हवा आहे, आणि 2019 पासून मी तेच काम करतोय.

तुम्हाला वेगळं लिहीत बसावं लागू नये म्हणून खालचा मजकूर तयार ठेवला आहे. हवा तसा बदला, नाहीतर तसाच पुढे पाठवा:

"अमोलचा रेझ्युमे जोडत आहे. पिंपळगाव बसवंतच्या एका निर्यात पॅकहाऊसची क्वालिटी ते पाहतात. ग्रेपनेटवरच्या प्लॉटचं रेकॉर्ड, काढणीआधीचे रेसिड्यू रिपोर्ट, युरोपच्या एमआरएलप्रमाणे प्लॉट घ्यायचा की सोडायचा हा निर्णय, प्री-कूलिंग आणि लोडिंग ही सगळी कामं त्यांच्याकडे आहेत. बीआरसीजीएस आणि ग्लोबलगॅप ऑडिटला पॅकहाऊसच्या बाजूने तेच बसतात. त्यांचं काम मी लोडिंगच्या वेळी प्रत्यक्ष पाहिलं आहे."

शेवटचं वाक्य तुम्हाला पटत असेल तरच ठेवा. त्या दिवशी बाहेरच्या बॉक्सचं रीडिंग व्यवस्थित होतं, पण मधल्या बॉक्समधल्या मण्यात प्रोब खुपसला तर 7 अंश दिसले. कंटेनर दारात उभा, ड्रायव्हरची न्हावा शेवा गाठायची घाई, आणि तरी मी ती पॅलेट्स परत प्री-कूलिंगला लावली. तुम्ही तिथेच उभ्या होतात, त्यामुळे यापुढे काही सांगायला नको. गरम माल भरला की देठ सुकतात, पॅडमधला सल्फर डायऑक्साइड भसकन सुटतो, आणि तक्रार तीन-चार आठवड्यांनी रॉटरडॅमहून येते.

जाहिरातीतली एक गोष्ट माझ्याकडे पूर्ण नाही, तीही सांगून टाकतो. त्यांना डाळिंबाचा अनुभव हवा आहे. मी भगव्याचं ग्रेडिंग आणि पॅकिंग पाहिलं आहे, पण डाळिंबाचा अख्खा निर्यात हंगाम माझ्या जबाबदारीवर झालेला नाही. भरती टीमने विचारलं तर असंच सांगा. द्राक्षाच्या बाबतीत मात्र कुठलाही प्रश्न विचारा म्हणावं. शेतकऱ्यांच्या फवारणीच्या वह्या मी स्वतः तपासतो, आणि पीएचआय पूर्ण न झालेला प्लॉट गोड बोलून का होईना, पुढे ढकलतो.

नोकरी का बदलतोय, हे विचारलं जाईलच. आमच्याकडे यंदापासून युरोप कमी करून देशातल्या बाजारावर भर द्यायचं ठरलं आहे. त्यांचा निर्णय त्यांच्या जागी बरोबर असेल, पण मला निर्यातीतच राहायचं आहे. नोटीस पीरियड एक महिन्याचा आहे. गोडी छाटणी आटोपून प्लॉट नोंदणीची धावपळ सुरू व्हायच्या आत रुजू होता आलं, तर जानेवारीच्या काढणीपर्यंत शेतकऱ्यांशी ओळख होऊन जाईल.

फाइल Amol_QA_Resume.pdf या नावाने जोडली आहे, दोनच पानांची आहे. फोन नंबर पहिल्या पानावर सर्वात वर आहे. दुपारी दोननंतर कधीही फोन करा. अर्जाची मुदत येत्या शुक्रवारपर्यंत आहे, त्यामुळे बुधवारपर्यंत जमलं तर बरं होईल. कंपनीच्या नियमामुळे किंवा आणखी कशामुळे शक्य नसेल, तर एका ओळीत तसं कळवा. मी मनात काही धरणार नाही.

आणखी एक, सध्याच्या ठिकाणी मी अजून कुणालाच बोललेलो नाही. त्यामुळे चौकशीसाठी थेट इकडे फोन येऊ नये, एवढं भरती टीमच्या कानावर घातलंत तर बरं.

आपला,
अमोल
क्वालिटी इन्चार्ज, पिंपळगाव बसवंत