बाबांच्या क्लेमचा कॉल: बोलायचे मुद्दे आणि नंतरचं पत्र

कॉलसाठी टिपण
गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५, दुपारी ३.३०. फोन विमा कंपनीकडून बाबांच्या मोबाइलवर येणार.

ताई, तू पुण्याहून लाइनवर असशील, म्हणून सगळं एका जागी लिहितोय. तू फक्त आकडे आणि तारखा टिपून घे, बोलायचं मी. दोघंही बोलायला लागलो की मूळ मुद्दा बाजूला पडतो. कस्टमर केअरच्या मागच्या फोनला तेच झालं होतं.

पॉलिसी बाबांच्या नावावर आहे, त्यामुळे सुरुवात बाबांनीच करायची. जन्मतारीख विचारतील, ती सांगायची आणि लगेच म्हणायचं, "माझ्या वतीने माझा मुलगा बोलेल, माझी संमती आहे." एवढं रेकॉर्डवर आलं की "आम्ही फक्त पॉलिसीधारकाशीच बोलू" असं कोणाला म्हणता येणार नाही. पाठोपाठ मी कंपनीकडून बोलणाऱ्या मॅडमचं नाव, हुद्दा आणि कॉलचा संदर्भ क्रमांक विचारून घेईन.

पहिली दोन मिनिटं (हे वाचूनच दाखवणार आहे):

"मॅडम, माझ्या वडिलांची गुडघ्याची शस्त्रक्रिया जुलैमध्ये नाशिकला झाली. १४ जुलैला डिस्चार्ज मिळाला. बिल २,६८,००० रुपयांचं होतं, कंपनीने १,६३,७५० दिले. १,०४,२५० कापले. त्यातले ३३,००० नियमाला धरून आहेत, त्याबद्दल आमची तक्रार नाही. उरलेले ७१,२५० चुकीने कापले गेलेत आणि मी त्याबद्दलच बोलणार आहे."

ताई, ३३,००० आपण स्वतःहून सोडतोय यावर तू परवा चिडली होतीस. पण मी पॉलिसीची कलमं तीनदा वाचली. बाबांचा विमा ५ लाखांचा, खोलीभाड्याची मर्यादा रोज १ टक्का म्हणजे ५,०००, आणि आपण ८,००० ची खोली घेतली. चार दिवसांचे १२,००० आपल्याच अंगावर येणार. ऑपरेशन थिएटरचा दर त्या हॉस्पिटलमध्ये खोलीप्रमाणे बदलतो, म्हणून तिथले १५,००० जाणार. न मिळणाऱ्या किरकोळ बाबींचे ६,०००. जे आपलं नाही ते मागितलं की जे आपलं आहे त्याच्यावरही शंका घेतली जाते.

आता मुख्य मुद्दा. आपण महाग खोली घेतली म्हणून कंपनीने ५,००० भागिले ८,०००, म्हणजे ६२.५ टक्के हे प्रमाण सरसकट सगळ्या बिलाला लावलं. ते सगळ्याला लावता येत नाही. विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या २०२० च्या सूचनांनुसार अशी प्रमाणशीर कपात फक्त खोलीशी जोडलेल्या खर्चांना लागते. औषधं आणि कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्या त्यात धरायच्या नसतात. बाबांच्या पॉलिसीच्या नवव्या पानावर "असोसिएट मेडिकल एक्स्पेन्सेस"ची व्याख्या आहे, तिथेही हेच लिहिलंय. तरी कपातीच्या तक्त्यात या तिन्हींपुढे उरलेले ३७.५ टक्के कापलेले आहेत.

इम्प्लांट ६०,०००, औषधं आणि कन्झ्युमेबल्स ३८,०००, तपासण्या १२,०००. एकूण १,१०,०००. त्यातून कापलेले ४१,२५०. हा भाग वादाचाच नाही, कंपनीचं स्वतःचं कलम आपल्या बाजूने आहे. म्हणून हाच आधी, आणि यावर स्पष्ट हो किंवा नाही आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

इम्प्लांटबद्दल मॅडम काही बोलल्या तर मी स्टिकरचं सांगणार आहे. डिस्चार्ज फाइलच्या शेवटच्या पानावर चार स्टिकर चिकटवलेत, प्रत्येकावर बॅच नंबर आहे. आत बसवलेल्या सांध्याच्या भागांचे ते स्टिकर. माणूस जनरल वॉर्डात झोपला काय किंवा डिलक्स खोलीत, गुडघ्यात तोच धातू आणि तेच प्लास्टिक बसतं, त्याच किमतीला. बाबांनी त्या पानाची झेरॉक्स काढून वहीत लावून ठेवली आहे. कॉलच्या आधी ते पान मला मोबाइलवर पाठवायला त्यांना आठवण कर.

दुसरा मुद्दा सर्जन आणि भूलतज्ज्ञांच्या फीचा. ८०,००० पैकी ३०,००० कापले. हॉस्पिटलच्या दरपत्रकात ही फी सगळ्या खोल्यांना एकच आहे. ज्या खर्चाचे दर खोलीप्रमाणे बदलत नाहीत त्याला कपात लावू नये, असं त्याच सूचनांमध्ये आहे. इथे मात्र मॅडम लगेच हो म्हणणार नाहीत, कागद मागतील. ते रास्तच आहे. आपल्याकडे फक्त दरपत्रकाचा फोटो आहे, सही-शिक्क्याची प्रत नाही. बिलिंगच्या काउंटरवरच्या बाईंनी सोमवारी देते म्हटलंय. म्हणून इथे मागायची ती तारीख: आम्ही कागद कधी द्यायचा आणि तुम्ही उत्तर कधी देणार.

तिसरा, व्याज. देय रक्कम उशिरा दिली तर बँक रेटपेक्षा २ टक्के अधिक दराने व्याज द्यावं लागतं. रक्कम फार मोठी नाही, पण मागायची.

त्या काय म्हणू शकतात आणि मी काय म्हणेन:

"सिस्टीमनेच कपात काढली आहे." — सिस्टीमने कुठल्या कलमाखाली काढली तो कलम क्रमांक सांगा, मी लिहून घेतो.

"४ सप्टेंबरला उत्तर दिलंय, तक्रार बंद झाली." — त्या उत्तरात खोलीभाड्याचा उल्लेख आहे, इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या यांच्याबद्दल एक शब्द नाही. तेच मी ९ सप्टेंबरला लिहून कळवलंय.

"सद्भावना म्हणून काही रक्कम देऊ, फुल अँड फायनल." — ताई, इथे सगळ्यात जास्त सांभाळायचं. बाबा भिडस्त आहेत, "ठीक आहे, चालेल" म्हणून मोकळे होतील. फुल अँड फायनलला तोंडी होकार द्यायचा नाही आणि तसा मजकूर असलेल्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही. माझं उत्तर: "मान्य रक्कम अंशतः म्हणून घेऊ, उरलेल्याचा निर्णय लेखी द्या."

लोकपालाचं नाव मी आधी काढणार नाही. काही केल्या ऐकलंच नाही तर शांतपणे सांगेन की विमा लोकपालाकडे जाण्याचा मार्ग मोकळा आहे आणि आम्ही तो वापरू. नाशिक पुण्याच्या कार्यालयाखाली येतं, तक्रारीला फी नाही, आणि कंपनीने नाकारल्यापासून वर्षभर मुदत असते. धमकीच्या सुरात हे सांगायचं नाही. मॅडमनी कापलेलं नाही, त्यांच्या हातात फक्त दुरुस्त करणं आहे.

शेवटची दोन मिनिटं राखून ठेवायची. जे ठरलं ते मी मुद्द्यामुद्द्याने वाचून दाखवेन आणि विचारेन, "बरोबर लिहिलंय ना?" आणि सांगेन की आज संध्याकाळी हेच ईमेलने पाठवतोय.

कॉलनंतर पाठवलेला ईमेल

विषय: क्लेम क्र. ७०३१८८ – १८ सप्टेंबरच्या फोनवर ठरलेल्या गोष्टी

देशमुख मॅडम,
नमस्कार.

आज दुपारी ३.३५ ते ४.१० या वेळात आपण माझ्या वडिलांशी, माझ्याशी आणि माझ्या बहिणीशी बोललात. सुरुवातीला वडिलांनी मी त्यांच्या वतीने बोलण्याला संमती दिली, ती आपल्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. आपण पूर्ण ऐकून घेतलंत आणि कपातीचा तक्ता समोर उघडून प्रत्येक ओळ माझ्याबरोबर पाहिलीत, याबद्दल मनापासून आभार. दोन महिन्यांत पहिल्यांदाच कोणी तो तक्ता आमच्याबरोबर वाचला.

बोलणं मराठीत झालं म्हणून हेही मराठीत लिहितो. माझ्या टिपणाप्रमाणे ठरलं ते असं:

१. इम्प्लांट, औषधं व कन्झ्युमेबल्स आणि तपासण्या यांच्यावर लावलेली प्रमाणशीर कपात चुकीची होती हे आपण मान्य केलंत. त्यापोटी ४१,२५० रुपये वडिलांच्या नोंदवलेल्या बँक खात्यात शुक्रवार, २६ सप्टेंबरपर्यंत जमा होतील.

२. सर्जन आणि भूलतज्ज्ञांच्या फीतून कापलेल्या ३०,००० रुपयांवर आज निर्णय झालेला नाही. आपण हॉस्पिटलचं सही-शिक्क्याचं दरपत्रक मागितलंत. ते आम्ही सोमवार, २२ सप्टेंबरला याच ईमेलवर पाठवू. त्यावर शुक्रवार, ३ ऑक्टोबरपर्यंत लेखी निर्णय देण्याचं आपण कबूल केलंत. २ तारखेला दसरा आणि गांधी जयंतीची सुट्टी आहे म्हणून ही तारीख आपणच सुचवलीत. निर्णय नकारार्थी असला तर कोणत्या कलमाखाली, ते त्यात लिहिलेलं असेल.

३. व्याजाबद्दल आपण क्लेम विभागाला विचारून सांगणार आहात. याला तारीख ठरली नव्हती. सुधारित पत्रातच त्याचं उत्तर यावं, अशी माझी विनंती आहे.

४. दोन्ही रकमांचा बाबवार हिशोब असलेलं सुधारित सेटलमेंट पत्र मिळेल. ते येईपर्यंत तक्रार बंद केली जाणार नाही.

एक गोष्ट मुद्दाम स्पष्ट करतो, कारण फोनवर त्यावर थोडी चर्चा झाली. पहिल्या मुद्द्यातल्या रकमेचा आकडा माझ्या बहिणीच्या टिपणात चुकीचा पडला होता आणि तिने तो तसाच वाचला. बरोबर रक्कम ४१,२५० आहे, तीच आपण नंतर उच्चारलीत. तसंच ही रक्कम फुल अँड फायनल म्हणून घ्यावी असं आपण सुचवलंत, ते आम्ही नाकारलं. आम्ही ती अंशतः देय रक्कम म्हणून स्वीकारू. ३०,००० आणि व्याज यांच्यावरचा आमचा हक्क त्यामुळे सुटत नाही. अशा मजकुराचा कागद सहीसाठी आला तर आम्ही सही करणार नाही.

खोलीभाडं, ऑपरेशन थिएटर आणि न मिळणाऱ्या बाबी मिळून ३३,००० रुपयांची कपात आम्हाला मान्य आहे, हे मी फोनवर सांगितलं होतं. तेही इथे नोंदवतो.

वरच्यापैकी काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर कृपया उद्या, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दुरुस्ती कळवा. सगळं बरोबर असेल तर "बरोबर आहे" एवढं उत्तर पुरे.

सोबत: कपातीचा तक्ता, पॉलिसीचं पान ९, इम्प्लांटच्या स्टिकरचं पान आणि आमचं ९ सप्टेंबरचं पत्र.

वडील आता वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत जातात. आपण फोनवर आवर्जून विचारलंत, त्यांना बरं वाटलं.

आपला,
संदीप
(पॉलिसीधारकांच्या वतीने, नाशिक)