माझ्याविषयी थोडं: उन्हाळी इंटर्नशिपच्या अर्जासोबत

मी नागपुरात मानेवाड्याला राहते. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली, निकाल यायचा आहे. नोकरी किंवा शिकाऊ काम मी आजवर कुठेच केलेलं नाही, म्हणून अर्जातल्या 'पूर्वानुभव' या रकान्यात रेघ ओढली आहे. खाली जे लिहिते आहे ते सगळं शाळेच्या विज्ञान मंडळातलं, भित्तिपत्रकातलं, एका वर्गप्रकल्पातलं आणि आमच्या गच्चीवरचं आहे. आपल्या कार्यालयात कमी तापणाऱ्या घरांचे आराखडे होतात आणि त्यासाठी जुन्या घरांतलं तापमान मोजायला मदतनीस हवेत, असं जाहिरातीत वाचलं. मोजायचं काम मला येतं, असं मला वाटतं. का वाटतं ते सांगते.

मला तापमानाचा नाद लागला तो एका चुकीच्या आकड्यामुळे. मे २०२४ च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश सेल्सिअस दाखवलं. आमच्या गल्लीत दिवसभर तोच विषय. पुढे हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, पण तोपर्यंत ५६ चा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला होता. तेव्हा मी आठवी संपवून सुट्टीत होते. विज्ञान मंडळाच्या बाईंनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, "तुमच्या घरचा थर्मामीटर खरं बोलतो, हे कशावरून?" कोणालाच उत्तर आलं नाही.

उत्तर सोपं निघालं. बर्फ फोडून थोड्या पाण्यात घालायचा, ढवळत राहायचं आणि थर्मामीटरचं टोक त्यात धरायचं. वितळत्या बर्फात ० दिसायला हवं. आम्ही घेतलेल्या चार डिजिटल थर्मामीटरपैकी दोन बरोबर होते, एक ०.३ ने कमी दाखवत होता आणि तिसऱ्या क्रमांकाचा चक्क १.२ ने जास्त. दुकानदार बदलून द्यायला तयार होता. आम्ही घेतला नाही. चूक किती आहे हे कळलं की ती वजा करता येते, आणि नव्याचं काय निघेल ते कोणी सांगावं!

या चार थर्मामीटरांवर आमचा दहावीचा विज्ञान प्रकल्प झाला. विषय होता 'छप्पर आणि खोलीतलं ऊन'. मे २०२५ मध्ये आम्ही चौघांनी चार खोल्या निवडल्या. माझ्या मैत्रिणीच्या घराला टिनाचं छत आहे, तिथली एक. महाल भागात वर्गमित्राच्या आजोबांचं कवेलूच्या छपराचं जुनं घर आहे, जाड भिंतींचं, तिथली एक. उरलेल्या दोन आमच्याच घरातल्या, दोन्हींवर सिमेंटचा स्लॅब. त्यातल्या एका खोलीवरचा स्लॅब मी आणि दादाने चुना, पांढरं सिमेंट आणि गोंद कालवून दोन हातांत पांढरा केला, दुसरीवरचा तसाच ठेवला. थर्मामीटर सगळीकडे जमिनीपासून सव्वा मीटरवर, खोलीच्या मध्यभागी दोरीला टांगलेला. नोंदी सकाळी ७, दुपारी ४ आणि रात्री १० वाजता. कूलर नोंदीच्या आधी तासभर बंद. ही अट पाळायला घरच्यांना तयार करणं हाच प्रकल्पाचा सगळ्यात अवघड भाग होता. आमच्याकडे बाबांनी दोनदा अट मोडली, आणि त्या दोन्ही नोंदींपुढे मी तसं लिहून ठेवलं आहे.

पहिले चार दिवस वाया गेले. टिनाच्या घरातल्या खोलीत दुपारी साडेतीननंतर खिडकीतून उन्हाची तिरीप यायची आणि ती नेमकी थर्मामीटरवर पडायची. वहीत ४९ अंश दिसले तेव्हा आम्ही आधी खूश झालो, आकडा मोठा आला म्हणून. मग बाईंचा तो प्रश्न आठवला. थर्मामीटर हवेचं तापमान दाखवत नव्हता, स्वतः उन्हात किती तापला ते दाखवत होता. चार दिवसांच्या नोंदी खोडून पुन्हा सुरुवात केली. मध्येच अवकाळी पाऊस झाला, त्या पाच दिवसांचा तक्ता वेगळा केला. शेवटी हाताशी कोरडे, तापलेले १७ दिवस उरले.

दुपारी ४ ची सरासरी अशी निघाली: टिनाची खोली ४३.५, साधा स्लॅब ४०, कवेलू ३८.५ आणि चुन्याचा स्लॅब ३७.५. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. खरी गंमत रात्री दहाच्या नोंदींत होती. टिनाची खोली ३६ वर उतरलेली आणि आमची साध्या स्लॅबची अजून ३९ वर! दोन दिवस मला वाटलं, थर्मामीटरांची अदलाबदल झाली. मैत्रिणीच्या आजीला सांगितलं तर त्या हसल्या. "अगं पोरी, टिन लवकर तापते न लवकर निवते. तुमचा स्लॅब पहाटेपर्यंत भाजत राह्यते. म्हणून तर तुम्ही गच्चीवर झोपता न आम्ही घरात." आमच्या सतरा दिवसांच्या वहीतलं सार त्यांना झोपण्याच्या जागेवरून ठाऊक होतं. पत्रा पातळ, त्यात उष्णता साठायला जागाच नाही. स्लॅब जाड आणि जड, दिवसभर ऊन पोटात घेतो आणि रात्री आपल्या अंगावर सोडतो. म्हणून 'कोणतं छप्पर थंड' या प्रश्नाला माझ्या मते एक उत्तर नाही. त्या खोलीत माणसं किती वाजता असतात, हे आधी विचारावं लागतं. शिवणकाम करणाऱ्या बाईची दुपारची खोली आणि रात्रपाळी नसलेल्या माणसाची झोपायची खोली यांना एकच छप्पर सोयीचं असेल असं नाही.

आता चूक. आमच्या दोन खोल्यांपैकी साध्या स्लॅबची खोली पश्चिमेला आहे, चुन्याची पूर्वेला. हे मला सादरीकरणाच्या आदल्या दिवशी लक्षात आलं. म्हणजे अडीच अंशांचा जो फरक मी मोठ्या अक्षरांत लिहिला होता, त्यात पश्चिमेच्या भिंतीवर पडणाऱ्या दुपारच्या उन्हाचाही वाटा होता. किती, ते सांगता येईना. मी अहवालात तसा परिच्छेद जोडला. एका प्रदर्शनात परीक्षकांनी तो वाचून, "मग तुम्ही सिद्ध काय केलं?" असं विचारलं आणि पुढच्या टेबलावर गेले. तिथे दिवे लागणारं धरण होतं. (मला राग आला होता. धरण छान होतं, हेही खरं.) यंदा परीक्षा संपल्यावर मी पश्चिमेच्याच खोलीत आधी दहा दिवस नोंदी घेतल्या, मग तिच्यावरचा स्लॅब पांढरा केला, आता पुढचे दहा दिवस घेते आहे. खोली तीच, भिंती त्याच, रोजच्या बाहेरच्या तापमानाची नोंदही सोबत. आकडे पुरे झाले की आपल्याला दाखवेन.

भित्तिपत्रकाचं काम मी दोन वर्षं केलं. त्यातला एकच अंक सांगण्यासारखा आहे. जुलैमध्ये कूलर का निरुपयोगी होतो, यावर तो होता. एका थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं, दुसरा कोरडा ठेवला आणि समोर पंखा लावला. मे महिन्यात एके दुपारी कोरडा ४३, ओला २३. जुलैत कोरडा ३२, ओला २७. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि हवा कोरडी असेल तितकी वाफ जास्त. कूलरच्या ताट्या हवेला ओल्या थर्मामीटरच्या आकड्याखाली नेऊच शकत नाहीत. मे महिन्यात खाली उतरायला वीस अंशांची जागा आहे, जुलैत पाचच. वर चिकचिक वेगळी. हा मजकूर मी आधी दीड पान लिहिला होता. शिपाईकाकांनी उभ्याउभ्या वाचला आणि म्हणाले, "समजलं नाही." मग फक्त ते चार आकडे आणि दोन चित्रं ठेवली. त्यानंतर काकांनीच मधल्या सुट्टीत पोरांना थांबवून समजावलं.

छंद म्हणाल तर पतंग. विकत घेण्यापेक्षा करायला आवडतात. बांबूची काडी तासून कमान दोन्हीकडे सारखी वाकते की नाही ते बोटावर तोलून बघायचं, मग कन्नी बांधायची. त्यातून मोजपट्टीची आणि बारीक हातकामाची सवय लागली. पुठ्ठ्याची घरंही करते. आमच्या घराचं १:५० मापाचं नमुनाघर केलं आहे, छप्पर उचललं की खोल्या दिसतात. जिन्याच्या दोन पायऱ्या त्यात कमी भरल्या, कारण प्रत्यक्ष मोजताना मी चढून झाल्यावर मोजल्या. मैदानाचा नकाशा मात्र वर्गातल्या तिघींनी पन्नास मीटरच्या फितीने मोजून १:२०० मापात काढला, तो राष्ट्रीय हरित सेनेच्या गटाने झाडं कुठे लावायची ते ठरवायला वापरला. त्यातली अकरा झाडं जगली आहेत.

जे येत नाही तेही सांगते. संगणकावर आराखडे काढणारं कोणतंही सॉफ्टवेअर मला येत नाही. तक्ता भरणं, सरासरी आणि साधा आलेख एवढंच येतं. इंग्रजी वाचून समजतं, बोलताना अडखळते. अनोळखी घरी जाऊन "तुमच्या खोलीत थर्मामीटर लावू का?" असं विचारायला पहिल्या दिवशी जीभ रेटत नव्हती. आता विचारते, पण आधी चहाला हो म्हणते, मग विचारते. महालातल्या आजोबांनी हे शिकवलं.

मी ४ मे ते २९ मे २०२६ या काळात सोमवार ते शुक्रवार येऊ शकते. सकाळी ८ ला सायकलने पोचेन. दुपारी १ ते ४ घरच्यांना मी रस्त्यावर नको आहे, तेवढा वेळ कार्यालयातच बसून नोंदी उतरवून काढीन. २५ मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो, त्या दिवसांतल्या नोंदी मला चुकवायच्या नाहीत, म्हणून शनिवार-रविवारीही बोलावलंत तर येईन. आईबाबांचं संमतिपत्र जोडलं आहे.

चारही थर्मामीटर सोबत आणीन. चालू स्थितीत आहेत, मागच्या रविवारी पुन्हा बर्फात तपासले. तिसऱ्यातून अजूनही १.२ वजा करावे लागतात.