लादी पावाचा व्हॅल्यू स्ट्रीम मॅप : गोदामापासून गाडीपर्यंत

व्हॅल्यू स्ट्रीम मॅप म्हणजे माल कोणत्या टप्प्यांतून जातो, निरोप कुठून कुठे जातो आणि प्रत्येक टप्प्यात किती वेळ कामाचा, किती वाया, हे दाखवणारा नकाशा.
बेकरी : कराड, स्टँडमागची. काम : फक्त लादी पाव. खारी, टोस्ट आणि नानकटाई या नकाशात नाहीत. नानकटाई मध्ये येते, पण ती का येते ते पुढे लिहिलं आहे.
मोजणी : मंगळवारची रात्र, दुसरा घाणा, त्यातला शेवटचा ट्रे.
कुठे लावायचा : मिक्सरच्या वरच्या भिंतीवर. कपाटात ठेवू नये.

शेवटचाच ट्रे का धरला, हे आधी सांगते. पहिला ट्रे नेहमी वेळेत निघतो, त्यामुळे तो बघून सगळं ठीकच वाटतं. आपली बोंब होते ती शेवटच्या ट्रेची, म्हणून घड्याळ त्याच्या मागे लावलं. मिस्त्रींच्या किंवा पोरांच्या हाताचा वेग मोजलेला नाही. मोजला आहे तो पिठाचा प्रवास.

मागणी

रोज १४४ लाद्या, एका लादीत १२ पाव. सव्वासहाची पहिली गाडी ९६ लाद्या मागते : वडापावच्या गाड्या, स्टँडवरची हॉटेलं, दोन मेस. ७:२० च्या दुसऱ्या फेरीला ४८ लागतात, त्यात आपलं काउंटरही आलं. पाळी रात्री साडेबारा ते सकाळी साडेसात, म्हणजे ४२० मिनिटं. चहा-जेवण आणि साफसफाईचा तास वजा केला की ३६० उरतात. ३६० भागिले १४४, म्हणजे अडीच मिनिटाला एक लादी. कारखान्यात याला टाक्ट टाइम म्हणतात. आपल्याकडे त्याचा उपयोग तुलनेपुरता, कारण गिऱ्हाईक अडीच मिनिटाला एक असं येत नाही, दोन गाड्यांवर एकदम येतं. म्हणून पुढचं वेळापत्रक टाक्टवरून न लावता गाडीच्या वेळेपासून उलटं मोजत लावलं आहे.

एक घाणा : १६ किलो मैदा, ४८ लाद्या, १२ ट्रे. भट्टीत एका वेळी ४ ट्रे, म्हणजे एका घाण्याला भट्टीच्या तीन खेपा.

निरोप कसा फिरतो

संध्याकाळी ऑर्डरी फोनवर आणि काउंटरच्या वहीत येतात. बाबा रात्री दहाला बेरीज करून आकडा मिस्त्रींना तोंडी सांगतात. पुढे मिक्सर केव्हा लावायचा ते मिस्त्रीच ठरवतात, आणि ‘उशीर नको’ म्हणून तीनही घाणे लागोपाठ लावतात : १२:४५, १:४०, २:३५. भट्टीत काय चाललंय, हे मिक्सरपर्यंत पोचतच नाही. नकाशावर भट्टीकडून मिक्सरकडे एकही बाण नाही, तो यामुळे.

आजचा नकाशा

| टप्पा | वेळ | लागलेली मिनिटं | खरी गरज | वाया |
|---|---|---|---|---|
| मापं काढणे | १:४०–१:५८ | १८ | ६ | १२ |
| मळणे | १:५८–२:१२ | १४ | १४ | ० |
| पीठ मुरणे | २:१२–३:१५ | ६३ | ४० | २३ |
| गोळे तोडणे, वळणे, ट्रे भरणे | ३:१५–४:०० | ४५ | ३६ | ९ |
| ट्रेत फुगणे | ४:००–५:३४ | ९४ | ६० | ३४ |
| भट्टी, भरणं-काढणं धरून | ५:३४–५:५२ | १८ | १४ | ४ |
| निवणे | ५:५२–६:१७ | २५ | २५ | ० |
| मोजून क्रेटमध्ये भरणे | ६:१७–६:२९ | १२ | ८ | ४ |
| गाडीची वाट | ६:२९–७:२० | ५१ | ० | ५१ |
| एकूण | | ३४० | २०३ | १३७ |

‘खरी गरज’ या रकान्यावर वाद होणार, म्हणून खुलासा. २०३ मिनिटांपैकी हाताचं, मिक्सरचं आणि आगीचं काम ७८ मिनिटांचं. उरलेली १२५ मिनिटं पावाची स्वतःची : मुरणं, फुगणं, निवणं. नटबोल्टच्या कारखान्यात माल नुसता पडून असेल तर तो सगळा वेळ वाया धरतात. पिठाला तो नियम लावला तर पावाची वीट होईल. यीस्ट त्या वेळात काम करत असतं, वायू तयार होतो, पिठाला ताण आणि चव येते. निवण्याचंही तसंच. गरम पाव क्रेटमध्ये कोंबला तर वाफ धरते, तळाची लादी ओली होते. तेव्हा ही १२५ मिनिटं कमी करायला कोणी जाऊ नये, यीस्ट वाढवून तर मुळीच नाही.

पण पीठ तयार झाल्यावरही ते थांबून राहतं, तो थांबा पिठाचा नसतो, आपला असतो. १३७ पैकी १०८ मिनिटं अशीच गेली : टेबलासाठी २३, भट्टीसाठी ३४, गाडीसाठी ५१.

थांबा : भट्टीपाशी

चार वाजून दहा मिनिटांनी भट्टीत नानकटाई गेली. ती १६० अंशांवर भाजली जाते, तेव्हा आधी भट्टी उतरवली. ४:३५ ला नानकटाई निघाली आणि पावासाठी भट्टी पुन्हा २२० वर चढवायची होती. काटा तिथे पोचायला ४:५८ झाले. या घाण्याचे पहिले चार ट्रे मात्र साडेचारलाच तयार होते. ते अठ्ठावीस मिनिटं उभे राहिले, त्यांच्या मागे दुसरे चार, त्यांच्या मागे तिसरे. शेवटचा ट्रे पाचला तयार होऊन ५:३४ ला आत गेला.

त्या ट्रेकडे बघायला हवं होतं. पाच वाजता गोळ्यांचे माथे घट्ट आणि तुकतुकीत होते, बोट टेकवलं तर खळगा हळूहळू भरून यायचा. साडेपाचला वरच्या सालीवर बारीक सुरकुती आली, कडेचे गोळे एकमेकांवर कलले, बोटाचा खळगा तसाच राहिला. भट्टीत गेल्यावर ते फुगायच्या ऐवजी बसले. सकाळी आपण त्याला ‘आज यीस्ट बरोबर नव्हतं’ म्हणतो. त्याच पुडीतल्या यीस्टचे पहिले ट्रे उत्तम निघाले होते.

दुसऱ्या भट्टीसाठी कर्ज काढायचं बाबांच्या मनात आहे. हिशेब असा आहे : एक खेप १८ मिनिटांची, घाण्याला तीन म्हणजे ५४, तीन घाण्यांना १६२ मिनिटं. पाळी ४२० मिनिटांची. भट्टी कमी पडत नाही, ती चुकीच्या वेळी चुकीच्या तापमानावर असते. या दुखण्यावर दुसरी भट्टी घेतली तर दोन भट्ट्या चुकीच्या तापमानावर असतील.

थांबा : टेबलापाशी आणि गाडीपाशी

टेबलाचा थांबा घाणे लागोपाठ लावल्याने होतो. पीठ मळून तयार, पण टेबल आणि माणसं दुसऱ्याच कामात. गाडीचा थांबा म्हणजे वरच्या सगळ्याची फेड. ६:१७ ला पाव निवला, तोवर गाडी गेलेली होती. पहिल्या गाडीत ९६ ऐवजी ८० लाद्या गेल्या, १६ मागे राहिल्या. वडापाववाला सहा वाजता तेल तापवतो, तो सव्वासातपर्यंत वाट बघत बसत नाही.

पुन्हा करावं लागलेलं काम

तीन ठिकाणी. गोळे अंदाजाने तोडतो, मग लादी लहान-मोठी दिसली की चिमूटभर इकडचं तिकडे : ९ मिनिटं. रॅकवर मोजलेल्या लाद्या क्रेटमध्ये भरताना परत मोजतो : ४ मिनिटं. आणि तिसरं, जे मिनिटांत दिसत नाही, ते मालात दिसतं. त्या रात्रीच्या १४४ लाद्यांपैकी १३१ चांगल्या, म्हणजे ९१ टक्के. १३ गेल्या : ८ बसलेल्या, ३ तळाला करपलेल्या, २ क्रेटमध्ये तुटलेल्या. घाऊक ३६ रुपये लादी धरली तर ४६८ रुपये, त्यातले २८८ नुसत्या बसलेल्या पावाचे. चुऱ्याचे थोडे पैसे परत येतात, पण तेवढ्यावर समाधान मानू नये.

पायपीट

मापं काढायची १८ मिनिटं, त्यात वजन करण्याची सहाच. मैदा मागच्या गोदामात, साखर-मीठ जिन्याखाली, यीस्ट पुढे काउंटरच्या फ्रिजमध्ये आणि काउंटरच्या दाराची किल्ली गल्ल्यात. जमिनीचा कागदावर आराखडा काढून पोराच्या पावलांची रेघ ओढली, तर यीस्टची रेघ सगळ्यात लांब निघाली. सगळ्यात हलक्या वस्तूला सगळ्यात लांबची फेरी! भट्टीपाशीची ४ मिनिटं ट्रे फिरवण्याची. रॅक उजवीकडे आहे आणि भट्टीचं दार उजवीकडेच उघडतं, म्हणून प्रत्येक ट्रेला वळसा. ती पुढच्या महिन्यात बघू, रॅकला आधी चाकं लागतील.

पुढचा नकाशा

गाडी ६:१५. त्याच्या मागे मोजत आलं की दुसरा घाणा १:४० ऐवजी २:२० ला लावायचा. पहिला त्याच्या ६५ मिनिटं आधी, १:१५ ला. तिसरा ३:२५ ला. ६५ मिनिटं अशासाठी की घाण्याला भट्टी ५४ मिनिटं लागते आणि वर थोडी मोकळीक हवी.

मापं : ६. मळणे : १४. मुरणे : ४५. गोळे : ३६. फुगणे : ७२. भट्टी : १८. निवणे : २५. क्रेट : ८. गाडीची वाट : ११. एकूण २३५ मिनिटं, वाया ३२. फुगण्यातली १२ जास्तीची मिनिटं राहणारच, कारण हात १२ मिनिटांत चार ट्रे भरतात आणि भट्टी १८ मिनिटांनी रिकामी होते.

त्यासाठी बदल :

नानकटाई पाव संपल्यावर. शेवटचा पाव ६:३६ ला निघतो, त्यानंतर भट्टी उतरतच असते : आधी खारी, मग नानकटाई. काउंटरला नानकटाई साडेसातनंतर मिळेल. सकाळी सातला नानकटाई मागणारे गिऱ्हाईक किती, हे काउंटरवरच्या काकूंनाच विचारलं. त्या हसल्या.

तीन घाण्यांचा मैदा, साखर, मीठ संध्याकाळीच मोजून तीन झाकणाच्या डब्यांत, मिक्सरशेजारी. यीस्टसाठी घरातला जुना छोटा फ्रिज तिथेच.

गोळे तोडताना आधी ५४० ग्रॅमचा लादीचा उंडा काट्यावर, मग त्याचे बारा. एकेक गोळा मोजत बसू नका, वेळ जाईल.

क्रेटमध्ये नेहमी आठच लाद्या. क्रेट मोजायचे, लाद्या परत मोजायच्या नाहीत.

भट्टीशेजारी पाटी : घाणा क्रमांक, मिक्सर लावायची वेळ, भट्टीत जायची वेळ. दुसरा घाणा ४:३७ ला भट्टीत. भट्टी दहा मिनिटांहून जास्त मागे पडली, तर भट्टीवाल्याने हाक मारायची आणि मिस्त्रींनी पुढचा मिक्सर तेवढाच उशिरा लावायचा. नकाशावरचा नसलेला बाण तो हाच. मिस्त्री, पीठ वेळेआधी मळून ठेवणं ही तुमची काळजी आहे, ते कळतं. पण पाटी बघितल्याशिवाय मिक्सरचं बटण दाबू नका.

पाळी अर्धा तास उशिरा, एक वाजता सुरू होईल. पगार तोच, बाबांशी बोलणं झालं आहे.

फेरमोजणी येत्या मंगळवारी, पुन्हा दुसऱ्या घाण्याचा शेवटचा ट्रे, घड्याळ माझ्याकडे. ६:१५ च्या गाडीत ९६ लाद्या गेल्या आणि बसलेल्या पावाच्या लाद्या दोनच्या आत आल्या, तर भट्टीच्या कर्जाचा अर्ज बँकेत द्यायचा नाही. नाही आल्या, तर ५:०१ ते ५:१३ या वेळात भट्टीपाशी काय झालं ते आधी बघायचं.